दुकानाच्या खात्यातून घरचा फ्रीज

शेठ,

मार्चअखेरचे हिशेब पाहून तुम्ही विचारलंत, 'फ्रीजचे ३५,४०० रुपये दुकानाच्या चालू खात्यातून गेले, मग ते खर्चात का धरले नाहीत? उचल म्हणून का टाकले?' प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुकान तुमचं एकट्याचं आहे आणि पैसेही तुमचेच. ते घरासाठी काढायला कुणाचीच मनाई नाही. मात्र वह्या लिहिताना दुकान आणि मालक वेगळे धरावे लागतात, नाहीतर दुकानाने किती कमावलं हे कधीच कळणार नाही. पैसे कोणत्या खात्यातून गेले यापेक्षा वस्तू कुणाच्या कामाची, यावर नोंद ठरते. फ्रीजच्या बिलावर माल पोहोचवण्याचा पत्ता तुमच्या घराचा आहे आणि तो आज तुमच्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून उचल खाते नावे, बँक खाते जमा. हाच फ्रीज थंड पेयं विकायला दुकानात ठेवला असता, तर तो दुकानाची मालमत्ता म्हणून दाखवून दरवर्षी घसारा घेतला असता.

आता आकडे पाहू. यंदाचा नफा ६,२०,००० रुपये आहे. फ्रीज खर्चात टाकला असता तर तो ५,८४,६०० दिसला असता, म्हणजे विक्री किंवा मार्जिन तेवढंच असूनही धंदा घसरल्यासारखा वाटला असता. कर्ज देताना बँक हाच आकडा बघते. शिवाय घरगुती खर्च नफ्यातून वजा करायला आयकर कायदा परवानगी देत नाही. तपासणीत तो परत नफ्यात मिळवला जातो आणि कराबरोबर व्याजही येतं, दंडाचीही शक्यता असते. तुमच्या मनात असलेली भीती मात्र अनाठायी आहे: उचलीवर वेगळा कर लागत नाही. कर नफ्यावर लागतो, मग तो नफा तुम्ही घरी न्या किंवा गल्ल्यात ठेवा. उचल फक्त तुमचं भांडवल कमी करते.

एक गोष्ट नीट बघा. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर पडला आहे, त्यामुळे त्यातला ५,४०० रुपयांचा कर पोर्टलवर दुकानाच्या नावावर दिसतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ही वजावट मिळत नाही, म्हणून आम्ही ती घेतलेली नाही आणि कर धरून पूर्ण ३५,४०० रुपये उचलीत टाकले आहेत. ती घेऊन वापरली असती, तर पुढे व्याजासह परत भरावी लागली असती.

दुकानातून घरी नेलेली साखर-तेलसुद्धा याच खात्यात, खरेदी किमतीने, लिहायची असते. त्याची वही ठेवत चला. दरमहा ठरावीक रक्कम आपल्या बचत खात्यात वळवा, घरची बिलं तिथूनच भरा आणि घरच्या खरेदीत दुकानाचा जीएसटी नंबर देऊ नका.

आपला,
हिशेबनीस