भांडणानंतरचा 'थँक्यू'

भांडण मिटल्यावर जोडीदाराला आभाराचा मेसेज पाठवणं म्हणजे पुन्हा माफी मागणं, असं अनेकांना वाटतं. माफी चुकीसाठी असते. हा मेसेज भांडण कशानं थांबलं ते सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अशा थांबवणाऱ्या कृतीला 'दुरुस्तीचा प्रयत्न' (ताण वाढू न देणारा शब्द, विनोद किंवा विराम) म्हणतात. घरात पाणी गळायला लागलं की कोणता कॉक फिरवल्यावर थांबलं ते आपण लक्षात ठेवतो, तसंच हे.

समजा, गणपतीला गावी जायच्या तिकिटांवरून एका जोडप्याचं वाजलं. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं: "काल मी आवाज चढवला तेव्हा तू 'दहा मिनिटांनी बोलू' म्हणालास आणि खरंच परत आलास. म्हणून मला तुझं ऐकता आलं. मीही जुनं काही उकरलं नाही, ते जमलं मला. थँक्यू."

स्वतःचं श्रेय लिहिणं फुशारकी वाटेल, पण ते गाळलं की सगळं समजूतदारपण एकाच्याच खात्यावर जातं. "तू किती समजूतदार आहेस" एवढ्यानं मात्र नेमकं काय आवडलं ते कळत नाही. आणि शेवटी "पण तिकिटं तूच विसरलास" आलं, की भांडण पुन्हा सुरू.