पगारापोटी उचल मागताना

गेली वीसेक वर्षं मी एका मध्यम कारखान्याच्या पगार विभागात बसतो. दर महिन्याला दोन-तीन माणसं माझ्या टेबलाशी येऊन घुटमळतात. आधी हवापाण्याच्या गोष्टी होतात, मग आवाज खाली येतो आणि शेवटी एकच वाक्य बाहेर पडतं, "साहेबांना जरा शब्द टाकाल का? घरी अडचण आहे." किती पैसे हवेत, असं विचारलं की उत्तर येतं, "बघा ना, जेवढे होतील तेवढे."

या उत्तरानेच काम बिघडतं. 'जेवढे होतील तेवढे' ऐकल्यावर साहेबांना निर्णय घेता येत नाही. ते दया दाखवून पाच-दहा हजार देतात किंवा दोन दिवसांनी बघू म्हणतात. मागणारा दोन्हीकडून ओशाळतो.

उचल या शब्दाबद्दल आपल्याकडे मनात अढी आहे आणि तिला कारण आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. ती कशी फिटली, किती उरली, याचा हिशोब बहुतेक वेळा मुकादमाच्याच वहीत असतो, आणि फिटली नाही तर पुढचा हंगाम त्याच्याकडेच बांधलेला. तिथे माणूस अडकतो, कारण परतफेड लिहिलेली नसते. म्हणून कारखान्यात किंवा ऑफिसात उचल मागताना रकमेआधी परतफेडीचा कागद तयार असावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमच्या स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याचं उदाहरण सांगतो. जून महिन्यात त्याची आई गावी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या ज्या रुग्णालयात नेलं, तिथे सरकारी योजना लागू नव्हती. शस्त्रक्रियेचा अंदाज निघाला १ लाख ४० हजार रुपये. त्याच्या हातात येणारा पगार २७ हजार. पहिल्या घाईत तो म्हणाला, "लाखभर मागतो, दर महिन्याला दहा हजार कापा."

मी त्याला बसवलं आणि पाठकोऱ्या कागदावर आम्ही दोघांनी हिशोब मांडला. त्याची बचत ५५ हजार होती आणि धाकटा भाऊ ४० हजार देणार होता. म्हणजे खरी तूट ४५ हजारांची. लाख मागण्याचं काहीच कारण नव्हतं. मालकाला पूर्ण खर्च सांगायचा, पण मागायची ती तूट. आपण स्वतः काय उभं केलं हे कागदावर दिसलं की मागणीला वजन येतं.

मग हप्ता. घरभाडं साडेसात हजार, किराणा-दूध-गॅस-वीज मिळून साडेनऊ, गाडीचा हप्ता २,८००, मुलीच्या शाळेचे दोन हजार. उरले ५,२००. आई घरी आल्यावर औषधं आणि व्यायाम करून घेणाऱ्या माणसाचे महिन्याला दीड हजार धरले. राहिले ३,७००. त्यातून दहा हजारांचा हप्ता कुठून जाणार होता? साहेबांना बरं वाटावं म्हणून मोठा हप्ता सांगणारी माणसं तिसऱ्या महिन्यात पुन्हा माझ्या टेबलाशी येतात, 'या महिन्यात कापू नका' म्हणून. तिथे पत जाते. आम्ही हप्ता धरला साडेतीन हजार. दहा हप्त्यांत ३५ हजार, आणि उरलेले दहा हजार दिवाळीच्या बोनसमधून एकदम.

त्याने अर्ज लिहिला तो असा:

"माझी आई पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं आहे. शस्त्रक्रिया येत्या शुक्रवारी आहे. रुग्णालयाने दिलेला १ लाख ४० हजारांचा अंदाज सोबत जोडला आहे. ९५ हजारांची सोय आम्ही भावांनी केली आहे. उरलेले ४५ हजार रुपये मला पगारापोटी आगाऊ मिळावेत, ही विनंती. जुलैच्या पगारापासून एप्रिलपर्यंत दरमहा ३,५०० रुपये कापून घ्यावेत आणि दिवाळीच्या बोनसमधून १० हजार वळते करावेत. मी मध्येच नोकरी सोडली, तर शिल्लक रक्कम अंतिम हिशोबातून घ्यावी; ती अपुरी पडली तर फरक मी भरेन. रक्कम गुरुवारी दुपारपर्यंत मिळाली तर रुग्णालयात भरता येईल."

यात आईच्या हालांचं वर्णन नाही, 'मायबाप' नाही, आजवरच्या सेवेची आठवण करून देणं नाही. एक्स-रे आणि रिपोर्टांची चळतही जोडलेली नाही. अंदाजाचा एक कागद पुरतो. हा अर्ज घेऊन तो केबिनमध्ये गेला. शॉपवर सगळ्यांसमोर विषय काढला नाही. पाच मिनिटांत सही झाली. हिशोबासाठी आमच्या खात्याला काही विचारावंही लागलं नाही.

सही झाली की काम संपलं असं मात्र नाही. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. साहेब तोंडी 'हप्त्याने कापू' म्हणतात, पण पगार विभागाकडे फक्त रकमेची चिठ्ठी पोचते. मग पुढच्याच पगारातून मोठी रक्कम वळती होते आणि माणसाच्या हातात भाड्यापुरतेही पैसे राहत नाहीत. कायद्याप्रमाणे एका पगारातून होणारी एकूण कपात सर्वसाधारणपणे निम्म्याच्या वर जाता कामा नये. पण निम्मा पगार गेला तरी घर कोलमडतंच. म्हणून मंजुरीच्या कागदावर हप्ता आणि सुरुवातीचा महिना लिहून घ्या, त्याची प्रत पगार विभागात स्वतः द्या. पगाराची आकडेमोड महिनाअखेरच्या चार-पाच दिवस आधी बंद होते. त्यानंतर पोचलेला कागद त्या महिन्यात धरला जात नाही. पहिल्या पगाराची चिठ्ठी हातात आली की कपातीच्या रकान्यात ठरलेलाच आकडा आहे ना, हे त्याच दिवशी पाहा.

नकारही मिळतो. लहान धंद्यात मालकाकडेच त्या आठवड्यात रोकड नसते. अशा वेळी एक मधली वाट आहे. महिन्याच्या १८ तारखेला तुमचे सतरा दिवस भरलेले असतात. त्या दिवसांचा पगार आत्ता द्याल का, असं विचारता येतं. ही उचल नव्हे, कमावलेलेच पैसे आहेत, आणि पुष्कळ मालक याला चटकन हो म्हणतात. पुढच्या पगारात तेवढे कमी येणार, हे मात्र घरात आधीच सांगून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचे सभासद असाल, तर मोठ्या आजारपणासाठी तिथून रक्कम काढता येते. ती परत भरावी लागत नाही, पण म्हातारपणची पुंजी तेवढी घटते. साहेब स्वतःच्या खिशातून देऊ लागले, तर शक्यतो नको म्हणा. तो व्यवहार पगाराच्या चिठ्ठीवर येत नाही, आणि मग रजा मागतानाही मान खाली जाते.

आमच्या स्टोअरवाल्याचा शेवटचा हप्ता एप्रिलच्या पगारातून गेला. त्याने माझ्याकडून 'उचल खाते निरंक' असं एका ओळीचं पत्र मागून घेतलं आणि फाईलला लावलं. तुम्हीही ते पत्र मागा. ते देणं आमचं काम आहे.