छापील पान, हाती लिहिलेला कागद आणि कीबोर्ड

जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ उघडावी, शोधाच्या चौकटीत ‘वसई’ टाइप करावे आणि उत्तर यावे की असा शब्द सापडत नाही. पानावर तर वसई ठळक छापलेली दिसत असते. कारण साधे आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. संगणकाच्या लेखी त्यात अक्षर एकही नसते, असतात ते नुसते काळे-पांढरे ठिपके. त्या फोटोतला मजकूर शोधता येईल, दुरुस्त करता येईल, पुन्हा छापता येईल अशा खऱ्या अक्षरांत उतरवण्याचे काम म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन. ते तीन तऱ्हांनी होते. छापील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेता येतात, त्याला ओसीआर म्हणतात. हाताने लिहिलेली अक्षरे ओळखणारी पद्धत वेगळी, तिचे नाव एचटीआर. आणि तिसरी सर्वांना ठाऊक असलेली: मूळ पान समोर ठेवून माणसाने टाइप करणे.

या कामात नवीन आलेल्या माणसाला वाटते की यातली पहिली पद्धत सर्वांत आधुनिक आणि शेवटची सर्वांत मागासलेली. तसे नाही. कोणती पद्धत घ्यायची हे समोरचे पान ठरवते, आणि प्रत्येक पद्धतीच्या चुका निराळ्या असतात. त्या चुका ओळखता येणे हेच या कामातले खरे कौशल्य.

ओसीआरपासून सुरुवात करू. टेसेरॅक्ट हे या क्षेत्रातले प्रसिद्ध आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आज मराठीही वाचते. पानाचा स्कॅन मिळाला की असे सॉफ्टवेअर आधी तो स्वच्छ काळ्या-पांढऱ्यात आणते, तिरका असेल तर सरळ करते, मग ओळी वेगळ्या काढते आणि त्यानंतर अक्षरांकडे वळते. म्हणून स्कॅन चांगला हवा. इंचाला ३०० ठिपके हे सर्वसाधारण माप. त्याहून विरळ स्कॅनमध्ये सर्वांत आधी अनुस्वार हरवतात.

इंग्रजी अक्षरे छापताना सुटी पडतात. मराठीत शिरोरेषा त्यांना एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लटकवून ठेवते, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. जुन्या पद्धतीत संगणक ही शिरोरेषा पुसून अक्षरे तोडायचा आणि एकेक अक्षर ओळखायला जायचा. जोडाक्षरे आली की तो हमखास अडखळे. २०१८ साली आलेल्या टेसेरॅक्टच्या चौथ्या आवृत्तीपासून अख्खी ओळ एका पट्टीसारखी वाचली जाते आणि शेजारच्या अक्षरांचा आधार घेऊन निर्णय होतो. त्यामुळे चांगल्या छपाईच्या पानावर निकाल खरोखर उत्तम येतो. भाषा मात्र मराठीच निवडायला हवी. लिपी एकच म्हणून हिंदी निवडली, तर ‘ळ’ची वाट लागते.

आता चुका कशा दिसतात ते एका ओळीवर पाहू. मूळ पानावर आहे:

घराच्या भिंतीवर खडूने वर्ष लिहिले होते.

फिकट शाईच्या पानावरून उतरलेली ओळ अशी असू शकते:

धराच्या मिंतीवर रवडूने वर्ष लिहिले होते.

‘घ’चा ‘ध’ झाला, ‘भ’चा ‘म’ झाला आणि ‘ख’ फुटून ‘र’ आणि ‘व’ अशी दोन अक्षरे झाली. देवनागरीच्या ओसीआरमधल्या या अगदी नेहमीच्या चुका आहेत. संगणक काना, वेलांटी, हलन्त, मोकळी जागा आणि पूर्णविराम हे सगळे वेगळे धरतो. तसे मोजले तर मूळ ओळीत ३९ चिन्हे आहेत. चुका चार: दोन अदलाबदलीच्या आणि ‘ख’ फुटल्याच्या दोन. म्हणजे चिन्हांच्या हिशेबात ओळ जवळजवळ ९० टक्के बरोबर. पण शब्द सहा आहेत आणि त्यातले तीन चुकले. शब्दांच्या हिशेबात निम्मी ओळ वाया गेली. कोणी ‘नव्वद टक्के अचूक’ असे सांगितले, की ते चिन्हांचे की शब्दांचे, हा प्रश्न नवीन माणसाने जरूर विचारावा.

दीड हजार चिन्हांच्या पानावर ९७ टक्के अचूकता म्हणजेही ४५ चुका. त्यातल्या ‘रवडूने’सारख्या चुका डोळ्यांत खुपतात, शुद्धलेखन तपासणाराही त्या पकडतो. घातक असतात त्या अर्थ लागणाऱ्या चुका. ‘भात’चे ‘मात’, ‘घार’ची ‘धार’, ‘बारा’चे ‘वारा’. हे सगळे खरे शब्द, त्यामुळे तपासनीस सॉफ्टवेअर त्यांना सोडून देते. ते सापडतात फक्त मूळ पानाशी ताडून वाचल्यावर. मराठी विकिस्रोतावर म्हणूनच प्रत्येक पानाला रंग दिलेला असतो. एकाने मूळ स्कॅनशी ताडून दुरुस्त केलेले पान पिवळे. दुसऱ्या माणसाने ते पुन्हा तपासले की हिरवे. पहिल्याच माणसाला स्वतःचे पान हिरवे करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

एक फसगत इथेच सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकातली पुष्कळ मराठी पुस्तके शिळाप्रेसवर छापलेली आहेत. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्याने या कामात नाव कमावले होते. शिळाप्रेसमध्ये खिळे नसतात. लेखनिकाने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढतात. पुस्तक छापील दिसते, पण त्यातले अक्षर हस्ताक्षर असते. अशा पानावर ओसीआर चालवून निकाल कचरा आला, तर दोष स्कॅनचा नसतो.

मग हस्ताक्षराचे काय? छापखान्याच्या खिळ्यातला ‘क’ पानभर सारखाच असतो. हाताने लिहिलेला ‘क’ एकाच माणसाचा एकाच ओळीत दोन तऱ्हांचा असतो. म्हणून एचटीआरला आधी शिकवावे लागते. एखाद्या बाडातली काही पाने जाणकाराने ओळ न् ओळ अचूक उतरवून द्यायची. संगणक त्या पानांवरून त्या हाताचे वळण शिकतो आणि उरलेली पाने वाचतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात पाया घातला गेलेल्या ट्रान्सक्रिबस या प्रणालीत सुरुवातीला पाच ते पंधरा हजार शब्दांचा असा अचूक नमुना सुचवला जाई. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे उदाहरण बोलके आहे. तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थम यांची हस्तलिखिते उतरवण्याचे काम तिथे २०१० पासून स्वयंसेवकांकडे सोपवले गेले. त्यांनी हाताने टाइप केलेली पानेच पुढे संगणकाला बेन्थमचे अक्षर शिकवायला उपयोगी पडली. म्हणजे एचटीआरच्या मुळाशीही माणसाचे टंकनच आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न सर्वांत जवळून भेटतो तो मोडी कागदांत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर मुख्यतः मोडीत आहे. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढत आणि मग तिच्याखाली, लेखणी शक्य तितकी न उचलता, अक्षरे ओढत जात. शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळला जात नसे. शिवाय ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे त्या मुसलमानी महिन्याची तारीख, असे संक्षेप पावलोपावली. संगणकाने प्रत्येक अक्षर बरोबर ओळखले तरी शब्द कुठे तोडायचा हे मजकूर समजल्याशिवाय कळत नाही. आणखी एक निर्णय काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावा लागतो: मजकूर मोडीतच ठेवायचा, की बाळबोधीत आणायचा? युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे पहिलाही पर्याय खुला आहे. बाळबोधीत आणायचे तर प्रत्येक वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे उतरवणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. दहा कारकुनांच्या दहा हातांनी लिहिलेली दोन-दोन पाने असतील, तर संगणकाला शिकवण्याचा खटाटोप परवडत नाही. एकाच हाताची पाचशे पाने असतील, तर नक्कीच परवडतो.

राहिले टंकन. त्याला कमी लेखू नये. १४७३ ते १७०० या काळात छापल्या गेलेल्या इंग्रजी पुस्तकांचा प्रचंड संग्रह टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप या प्रकल्पाने १९९९ पासून उतरवायला घेतला. तो ओसीआरवर न सोडता माणसांकडून टाइप करून घेतला, कारण त्या काळच्या छपाईपुढे ओसीआर टिकत नव्हता. त्यांची अट होती वीस हजार चिन्हांमागे जास्तीत जास्त एक चूक. दीड हजार चिन्हांचे पान धरले तर साधारण तेरा पानांत एक. अशी अचूकता गाठण्याचा एक जुना खात्रीचा मार्ग म्हणजे दोघांनी तोच मजकूर एकमेकांचे न पाहता टाइप करायचा, संगणकाने दोन्ही प्रती ताडायच्या आणि जिथे फरक दिसेल तिथे तिसऱ्याने मूळ पान उघडायचे. दोन माणसे नेमक्या त्याच जागी तीच चूक क्वचितच करतात.

माणूस चुकतो तो आकारामुळे कमी, मनामुळे जास्त. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द असला की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेते आणि मधली ओळ गायब होते. उतरलेला मजकूर सुरळीत वाचला जातो, म्हणून हे लक्षातही येत नाही. ओळी मोजल्या तरच कळते. दुसरी चूक खास मराठी. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘कशासाठीं’ असे छापलेले असते आणि आजची बोटे सवयीने ‘नाव’, ‘काही’, ‘कशासाठी’ लिहितात. वाचणाऱ्याला हे शुद्ध वाटते, पण मूळ पानाशी ती बेइमानी आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला तेच अनुस्वार हवे असतात. जसे आहे तसे उतरवायचे की आजच्या नियमांत आणायचे, हे पहिल्या पानाआधी ठरवून लिहून ठेवावे आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावे.

ज्यांच्या हाती असे एखादे पुस्तक किंवा कागदांचे बाड आले आहे, त्यांनी आधी तीन पाने निवडावीत: एक सुरुवातीचे, एक मधले, एक शेवटचे. प्रत्येकाचा अर्धा भाग ओसीआरने काढून दुरुस्त करावा, उरलेला अर्धा सरळ टाइप करावा आणि दोन्हींना लागलेला वेळ घड्याळ लावून लिहावा. दुरुस्तीला टंकनाइतकाच वेळ लागत असेल, तर टाइपच करावे. दुरुस्तीत उरलेल्या चुकांपेक्षा ते बरे. युनिकोडमध्येच टाइप करावे, जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर शोधता येत नाही. आणि जे अक्षर लागत नाही तिथे अंदाजाने शब्द न भरता चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवावे, म्हणजे पुढचा वाचणारा नेमक्या त्या जागी मूळ पान उघडून पाहील.