एकाच नमुन्याची चूक कशी मोजायची?

अमेरिकेतील बेरोजगारीचा मासिक आकडा ज्या पाहणीतून येतो, तिच्यात मोठी महानगरे थेट घेतली जातात. उरलेल्या काउंटींचे गट करून, सारखे गट एकेका स्तरात ठेवतात आणि प्रत्येक स्तरातून एकच गट निवडतात. स्तर जितके बारीक, तितका अंदाज नेमका, म्हणून हा मार्ग. पण प्रचरण, म्हणजे निवड बदलली तर अंदाज किती हलेल याचे माप, काढायला स्तरात किमान दोन निवडी लागतात. एकाच आकड्यातून फरक कसा दिसणार?

उपाय असा : दोन सारखे स्तर हिशेबापुरते एकत्र करायचे. समजा, एका स्तराचा बेरोजगारांचा अंदाज 4,200 आणि दुसऱ्याचा 4,800 आला. एकूण 9,000. फरक 600, त्याचा वर्ग 3,60,000. हेच एकूण अंदाजाचे प्रचरण, आणि प्रमाण त्रुटी 600.

या वर्गात निवडीच्या योगायोगासोबत स्तरांमधला खरा फरकही शिरतो. खरे आकडेच 300 ने वेगळे असतील, तर सरासरीने 90,000 चा फुगवटा येतो. त्रुटी वाजवीपेक्षा मोठी दिसते. माझ्या मते ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

धोका वेगळाच आहे. हाती आलेले अंदाज पाहून जवळजवळचे स्तर जोडले, तर फरक आपोआप लहान होतो आणि त्रुटी खोटी कमी दिसते. म्हणून जोड्या जुन्या जनगणनेच्या माहितीवरून, पाहणीआधीच ठरवाव्यात.