जिन्यातला दिवा आणि चार नँड गेट

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. दोन्ही बटणं एकाच स्थितीत असली की दिवा बंद राहतो आणि वेगवेगळ्या स्थितीत असली की लागतो. वायरमन हे काम टू-वे स्विच आणि एका जादा वायरने सहज उरकतो. हाच नियम डिजिटल सर्किटमध्ये बसवायचा ठरवला, तर या चिमुकल्या प्रश्नातून सर्किटची काटकसर कशी मोजतात याचा पूर्ण हिशेब शिकता येतो. म्हणून तो एकदा शेवटपर्यंत करून पाहू.

खालच्या बटणाला A म्हणू, वरच्याला B. बटण दाबलेलं असेल तर १, नसेल तर ०. दिवा लागतो तो दोनच प्रसंगी: A नाही पण B आहे, किंवा A आहे पण B नाही. अक्षरापुढची बारीक खूण म्हणजे 'उलट' असं मानलं, तर नियम असा लिहिता येतो:

```
F = A'B + AB'
```

अशा मांडणीला 'सम ऑफ प्रॉडक्ट्स', म्हणजे गुणाकारांची बेरीज म्हणतात. इथला गुणाकार म्हणजे 'आणि', बेरीज म्हणजे 'किंवा'. सूत्र जसं लिहिलं तसंच सर्किट बांधलं, तर उलट करायला दोन नॉट गेट, गुणाकारांना दोन अँड गेट आणि बेरजेला एक ऑर गेट लागतं. एकूण पाच गेट. इनपुट मोजायचे तर नॉटला प्रत्येकी एक आणि बाकी तिघांना प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण बाजारात नॉट, अँड आणि ऑर वेगवेगळ्या आयसींत मिळतात: ७४०४, ७४०८ आणि ७४३२. पाच गेटच्या कामासाठी तीन आयसी बोर्डावर लावाव्या लागतात आणि त्यांतली बरीच गेट रिकामी पडून राहतात.

इथे नँड गेट कामाला येतं. त्याचे सगळे इनपुट १ असतील तेव्हाच ते ० देतं, एरवी १. कोणतंही तर्काचं सूत्र एवढ्या एकाच क्रियेने मांडता येतं, हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हेन्री शेफर यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलं. गुणाकारांच्या बेरजेला तर नँड फारच सोयीचं पडतं. त्यामागचा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. हे गृहस्थ इंग्रज, पण त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याकडे मदुराईत झाला. नियम सांगायला सोपा आहे. दोन गोष्टींपैकी निदान एक खरी आहे, असं म्हणणं आणि दोन्ही एकदम खोट्या नाहीत, असं म्हणणं सारखंच. म्हणून आपलं सूत्र असंही लिहिता येतं:

```
F = ((A'B)' · (AB')')'
```

कंसांकडे नीट पाहिलं तर आतला प्रत्येक गुणाकार उलटा केलेला आहे, म्हणजे तो नँड. त्या दोघांचा गुणाकार पुन्हा उलटा केला आहे, म्हणजे तोही नँड. अँडच्या जागी नँड ठेवा, ऑरच्या जागी नँड ठेवा, तारा आहेत तशाच राहू द्या, उत्तर तेच येतं. दोन ठिकाणची उलटापालट एकमेकींना खोडून काढते. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. एखादं पद एकट्या अक्षराचं असेल, समजा F = A + BC, तर त्या A ला पहिल्या पातळीचं गेटच नसतं. तो तसाच शेवटच्या नँडला जोडला तर उत्तर चुकतं, तिथे A' जोडावा लागतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आता या अदलाबदलीत वाचलं काय? गेट मोजली तर काहीच नाही, पाचाची पाचच राहिली. उलट नॉटचं कामही नँडकडूनच करून घ्यायचं असेल, तर त्याचे दोन्ही इनपुट एकत्र जोडावे लागतात. तसं केलं की पाच गेटचे दहा इनपुट होतात, म्हणजे आधीपेक्षा दोन जास्तच. फायदा झाला तो इतकाच की तीन प्रकारच्या आयसींऐवजी एकच प्रकार पुरतो. दोन इनपुटवाल्या नँडच्या ७४०० या आयसीत चार गेट असतात आणि आपल्याला हवीत पाच. एका गेटपायी दुसरी आयसी लावायची आणि तिच्यातली तीन गेट वाया घालवायची, हे काही पटत नाही.

म्हणून सूत्राकडे पुन्हा पाहू. AB' या पदात B' हवा आहे, पण तो केव्हा हवा आहे? फक्त A हा १ असताना. A हा ० असेल तर गुणाकार तसाही ० होतो, शेजारी काय आहे याने फरक पडत नाही. मग B' च्या जागी अशी कोणतीही गोष्ट चालेल, जी A हा १ असताना B' सारखी वागेल. (AB)' अगदी तशीच वागते. आणि A'B मध्ये A' च्या जागीही तीच (AB)' चालते. दोन स्वतंत्र नॉटऐवजी एकच नँड दोन्हीकडे वापरता येतो:

```
N1 = (A·B)'
N2 = (A·N1)'
N3 = (B·N1)'
F  = (N2·N3)'
```

आता गेट चार आणि इनपुट आठ. नुसत्या नँडच्या आधीच्या मांडणीपेक्षा एक गेट आणि दोन इनपुट वाचले, आणि सगळं सर्किट एका ७४०० मध्ये तंतोतंत बसलं. वेळही वाढला नाही. आधी सर्वात लांबच्या वाटेवर नॉट, नँड, नँड अशी तीन गेट होती, आताही तीनच आहेत.

ज्यांना हे ब्रेडबोर्डवर लावून पाहायचं आहे त्यांच्यासाठी जोडणी देतो. १४ क्रमांकाच्या पायाला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड. A हा पाय १ आणि ४ ला, B हा पाय २ आणि १० ला. पाय ३ वरून तार ५ ला आणि ९ ला. पाय ६ वरून १२ ला, ८ वरून १३ ला. उत्तर ११ वर मिळतं. तिथे रेझिस्टर लावून एलईडी जोडावा. घरातला दिवा थेट जोडायचा नाही, त्याला मध्ये रिले लागतो.

तपासणी मात्र चारही ओळींची करायची, कारण इथे एक फसवी चूक होऊ शकते. समजा, पाय ३ कडून ५ कडे जाणारी तार निखळली. जुन्या टीटीएल प्रकारच्या ७४०० मध्ये मोकळा सुटलेला पाय १ असल्यासारखा वागतो. अशा वेळी दोन्ही बटणं बंद असताना दिवा बंद, कोणतंही एक चालू केलं की दिवा चालू, असं सगळं बरोबर दिसतं. चूक कळते ती फक्त दोन्ही बटणं चालू केल्यावर, कारण दिवा विझायचा तो पेटलेलाच राहतो. पहिल्या तीन ओळी पाहून समाधान मानलं, तर आपण एक्स-ऑरऐवजी ऑर गेट बांधलंय हे लक्षातच येत नाही. नव्या सीमॉस आयसींत मोकळा पाय आणखी बेभरवशाचा असतो, बोट जवळ नेलं तरी उत्तर बदलू शकतं. म्हणून बटण उघडं असताना इनपुट अधांतरी राहू नये यासाठी त्याला साधारण १० किलो-ओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडशी बांधून ठेवतात.

आतापर्यंत आपण आयसी मोजत होतो. सिलिकॉनच्या आत उतरलं की मोजमापच बदलतं. सीमॉस तंत्रात नँडच्या प्रत्येक इनपुटला दोन ट्रान्झिस्टर लागतात. नॉटला दोन, दोन इनपुटच्या नँडला चार. अँड किंवा ऑर मात्र थेट बनत नाहीत, कारण ही रचना मुळातच उत्तर उलटं करून देते. ते सरळ करायला मागे एक नॉट जोडावा लागतो, म्हणून दोन इनपुटच्या अँडला किंवा ऑरला सहा ट्रान्झिस्टर लागतात. या हिशेबाने नॉट-अँड-ऑरचं आपलं पहिलं सर्किट २२ ट्रान्झिस्टरचं होतं आणि चार नँडचं १६ चं. पण गंमत पुढे आहे. दोन खरे नॉट आणि तीन नँड घेतले, तर गेट पाच होतात, इनपुट आठ आणि ट्रान्झिस्टर पुन्हा १६च. आयसीच्या पातळीवर मोलाचं ठरलेलं ते एक गेट इथे काहीच वाचवत नाही. म्हणूनच गेटच्या बरोबरीने इनपुट मोजायचे असतात, कारण सिलिकॉनवरची जागा मुख्यतः त्यांवर ठरते.

हीच युक्ती मोठ्या सर्किटमध्ये खरी कमाई करून देते. दोन अंक आणि मागचा हातचा अशा तीन बिटांची बेरीज करणारा फुल अ‍ॅडर घेऊ. त्याच्या बेरजेच्या सूत्रात तीन-तीन अक्षरांची चार पदं येतात आणि हातच्याच्या सूत्रात दोन-दोन अक्षरांची तीन. दोन्ही सूत्रं सरळ नँडमध्ये बांधली, तर तीन नॉट, बेरजेची पाच आणि हातच्याची चार अशी १२ गेट लागतात आणि इनपुट होतात २८. त्याऐवजी चार नँडची आपली जोडणी एकापुढे एक दोनदा लावली, की बेरीज मिळते. हातच्यासाठी फक्त एक नँड वाढवायचा, कारण दोन्ही जोडण्यांतला N1 आधीच तयार असतो आणि त्या दोघांचा नँड हाच हातचा. एकूण नऊ गेट आणि १८ इनपुट. तीन गेट वाचली, दहा इनपुट वाचले, आणि ट्रान्झिस्टर ५६ वरून ३६ वर आले.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. सरळ सूत्रात सर्वात लांबच्या वाटेवर तीन गेट होती, इथे सहा आहेत. एकट्या अ‍ॅडरपुरतं पाहिलं तर वेळ दुप्पट झाला. पण आठ बिटांच्या बेरजेत चित्र वेगळं दिसतं. सगळे अंक एकदम हजर असतात, ताटकळावं लागतं ते मागून येणाऱ्या हातच्यासाठी. आणि हातचा आत येऊन पुढे जाईपर्यंत दोन्ही मांडण्यांत दोनच गेट लागतात. जादा वेळ लागतो तो पहिल्या घरात, तोही एकदाच. सरळ मांडणीत आठ बिटांची बेरीज १७ गेटच्या वेळात होते आणि नऊ नँडच्या मांडणीत २० गेटच्या. या तीन गेटच्या उशिराच्या बदल्यात आठ घरांत मिळून २४ गेट आणि ८० इनपुट वाचतात, आणि जिथे आयसीची संख्या किंवा सिलिकॉनची जागा मोलाची आहे तिथे हा सौदा घ्यावाच.