ताबा द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

पुण्यात कोथरूडसारख्या भागातल्या जुन्या सोसायटीतला दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट. खरेदीखत नोंदवून झालंय, बँकेचं कर्ज मंजूर झालंय, शेवटचा धनादेश तेवढा बाकी आहे. १६ ऑगस्टच्या सकाळी विकणारे काका आणि घेणारं तरुण जोडपं रिकाम्या फ्लॅटमध्ये भेटतात. काकांना किल्ल्या देऊन अकरापर्यंत मोकळं व्हायचंय. पण किल्ल्यांना हात लावण्याआधी खाली मीटरच्या खोलीत जाणं शहाणपणाचं.

तिथे वीस-पंचवीस मीटर ओळीने लावलेले असतात. खडूने लिहिलेले फ्लॅटचे क्रमांक निम्मे पुसलेले. म्हणून भिंतीवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. महावितरणच्या बिलावरचा मीटर क्रमांक मीटरच्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळले तरी वायरिंगच्या वेळी अदलाबदल झालेली असू शकते. त्याची परीक्षा सोपी आहे. एकाने वर फ्लॅटमध्ये गीझर लावायचा, दुसऱ्याने खाली मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहायचा. गीझर लागताच लुकलुकणं वाढलं पाहिजे आणि मुख्य स्विच पाडला की थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर शेजाऱ्याचं बिल आपण भरतोय किंवा आपल्या मीटरवरून आणखी कुठे तरी वीज जातेय.

मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत राहतात: तारीख, वेळ, कमाल मागणी. त्यातला ज्याच्यापुढे kWh लिहिलेलं असतं तोच घ्यायचा आणि मीटर क्रमांकासकट त्याचा फोटो काढायचा. शेवटच्या बिलात १४,३८६ असेल आणि आज १४,४५२ दिसत असेल, तर मधले ६६ युनिट काकांचे. पुढचं बिल १४० युनिटचं आलं तर उरलेले ७४ नव्या मालकांचे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे आजच ‘६६ गुणिले दर’ करून हिशेब मिटवला तर तो बहुधा चुकतो. बिल येऊ द्यावं, स्थिर आकार दिवसांवर वाटावा, बाकीची रक्कम युनिटांच्या प्रमाणात. घासाघीस टाळायची असेल तर ही पद्धत आजच लिहून ठेवलेली बरी.

पाइपगॅसच्या मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे दशांशाचे. नोंद काळ्यांची करायची, लक्ष मात्र लालवर ठेवायचं: शेगडीची बटणं बंद असताना दहा-पंधरा मिनिटांत शेवटचा लाल आकडा सरकला तर कुठे तरी गळती आहे. अशा वेळी झडप बंद करून गॅस कंपनीला कळवायचं, ताबा त्यानंतर.

सोसायटीचा ना-देय दाखला काकांनी आणलेला असतो आणि तो पाहून जोडपं निश्चिंत होतं. इथेच सगळ्यात जास्त भांडणं उगवतात. दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापर्यंतचाच असतो. सर्वसाधारण सभेने इमारतीच्या रंगकामासाठी दर सदनिकेला ४०,००० रुपये चार हप्त्यांत ठरवले असतील आणि दोनच हप्त्यांची मुदत आली असेल, तर दाखल्यावर ‘येणे बाकी नाही’ असं लिहिणारे सचिव खोटं बोलत नसतात. पण उरलेले २०,००० कुणाचे? करारात त्याचा उल्लेख नसेल तर दोघांनाही तो खर्च दुसऱ्याचाच वाटतो. म्हणून दाखल्याबरोबर सचिवांना थेट विचारायचं की ठरलेली पण अजून न मागितलेली कुठली वर्गणी आहे का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. साध्या देखभाल-खर्चाचा हिशेब त्या मानाने सरळ. जुलै ते सप्टेंबरचे ९,००० काकांनी आधीच भरलेत. ९२ दिवसांपैकी ४६ त्यांचे, ४६ नव्या मालकांचे. जोडप्याने ४,५०० परत करायचे. महापालिकेच्या मिळकतकराच्या चालू सहामाहीलाही हाच दिवसांचा हिशेब.

आता किल्ल्या. मुख्य दाराच्या लॅचच्या तीन, जाळीच्या दाराच्या दोन, टपालपेटीची एक, पार्किंगच्या साखळीच्या कुलपाची एक. प्रत्येक किल्ली आपापल्या कुलपात फिरवून पाहायची आणि संख्या ताबापावतीवर लिहायची. “काका, शेजारी किंवा कामवाल्या मावशींकडे एखादी आहे का?” हा प्रश्न हमखास विचारावा, असतेच बहुतेक. ती परत मिळाली तरी मुख्य दाराचं कुलूप त्याच दिवशी बदलून घ्यावं. कुणी कितीदा जोड-किल्ली करून घेतली, याची नोंद कुणाकडेच नसते.

ताबापावती दोन प्रतींत, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी होते. तिच्यावर तारखेबरोबर वेळही हवी, कारण मीटरचा आकडा त्या वेळेचा आहे. दोन्ही मीटरचे क्रमांक आणि वाचन, किल्ल्यांची संख्या, सोसायटीचं मूळ भागप्रमाणपत्र आणि बिल्डरबरोबरचा पहिला करार हाती मिळाल्याची नोंद, एवढं त्यात आलं की शेवटचा धनादेश द्यायला हरकत नाही. वीज आणि गॅसच्या अनामत रकमा काकांच्या नावावर आहेत. त्या नव्या मालकांकडे वळत्या करून तेवढे पैसे काकांना द्यायचे, की काकांनी त्या स्वतः परत मागायच्या आणि जोडप्याने नव्याने भरायच्या, हेही त्याच कागदावर एका ओळीत लिहायचं. नाव बदलण्याचा अर्ज भरताना हा प्रश्न पुन्हा समोर येणारच असतो.