सात दशांश सेकंदाची अकरा वर्षं

आमच्या व्यायामशाळेत पुरलेल्या मल्लखांबाच्या बोंडावरून पोरं उलटी उडी घेतात. बोंड जमिनीपासून साधारण साडेआठ फुटांवर. तिथून पाय सुटले की गादीवर टेकेपर्यंत जेमतेम ०.७ सेकंद लागतो. हा ०.७ सेकंद मी २०१४ पासून फोनवर टिपतोय. सुरुवातीला कारण साधं होतं : गुडघे छातीशी यायला उशीर होतोय हे पोराला सांगून पटायचं नाही, दाखवलं की पटायचं.

आयफोन ५एस २०१३ साली आला, तेव्हा त्यात सेकंदाला १२० फ्रेम मिळायला लागल्या. पुढच्याच वर्षी आयफोन ६ मध्ये २४० झाल्या, त्याही ७२०पी मध्ये. माझा तसला फोन जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पण हिशेब तोच. २४० फ्रेमनी ०.७ सेकंद टिपला की १६८ फ्रेम हाती येतात. टाइमलाइन सेकंदाला ३० फ्रेमची असेल, तर त्या ५.६ सेकंद चालतात. म्हणजे आठपट संथ. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सगळी पोरं फोनभोवती कोंडाळं करून उभी होती.

त्याच आठवड्यात पहिला धडा मिळाला. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेल्या क्लिपमध्ये अख्खी भिंत धडधडत होती. मला वाटलं, फोन बिघडला. फोन ठीक होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण आठपट संथ केलं की तीच उघडझाप सेकंदाला साडेबारा वेळा होते, आणि ती डोळ्यात खुपते. साध्या व्हिडिओत शटर १/१०० किंवा १/५० ठेवून ही भानगड मिटवता येते. पण सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या, तर शटर १/२४० पेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही. तो उपाय इथे चालत नाही. स्वस्त एलईडी बल्बही पुष्कळदा असाच लुकलुकतो. मी सरळ सकाळी नऊची वेळ धरली, दार सताड उघडं आणि उन्हाचा पट्टा मल्लखांबावर. शटर १/३० वरून १/२४० वर गेलं की प्रकाश एक अष्टमांशच उरतो, तेव्हा ऊन तसंही लागतंच.

मग मोठ्या आकड्यांचा काळ आला. २०१७ मध्ये सोनीच्या एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियमने सेकंदाला ९६० फ्रेम आणल्या, पुढच्या वर्षी सॅमसंगच्या एस ९ ने. एका ओळखीच्याचा असा फोन मी दोन दिवस वापरला. तो ९६० फ्रेमचा तुकडा खऱ्या वेळातला सेकंदाचा पाचवा भाग, एवढाच टिपतो. बटण क्षणभर आधी दाबलं तर पोरगं अजून बोंडावर, क्षणभर उशिरा दाबलं तर ते गादीवर. शिवाय काही फोन निम्म्याहून जास्त फ्रेम प्रत्यक्ष टिपत नाहीत, मधल्या फ्रेम अंदाजाने रंगवतात. ओळखायची खूण म्हणजे बोटं. हात मल्लखांबासमोरून जातो तिथे बोटं विरघळल्यासारखी दिसतात आणि लाकडाची कड त्यांच्याबरोबर वाकते. माझ्या मते माणसाच्या हालचालीला २४० पुरे आहेत. ९६० फुगा फुटण्यासाठी.

पण मला खरा वेळ लागला तो एडिटिंगमध्ये. अख्खी उडी आठपट संथ दाखवली की दुसऱ्या सेकंदाला बघणारा कंटाळतो. बोंडावरची पकड आणि तोल नेहमीच्या वेगात, हवेतली गिरकी संथ आणि गादीवरची धप्प पुन्हा खऱ्या वेगात, असं हवं. मी क्लिप कापून मधल्या तुकड्याचा वेग १२.५ टक्के केला. त्याच्या खाली जायचं नाही, कारण तिथे प्रत्येक खरी फ्रेम एकदा वापरून झालेली असते. त्यापुढे सॉफ्टवेअर बोटं विरघळवायला लागतं. वेग बरोबर, तरी बघताना एसटीने करकचून ब्रेक मारल्यासारखा झटका बसायचा.

उपाय डाविंची रिझॉल्व्हच्या Retime Curve मध्ये सापडला. तिथे वेगाची रेघ दिसते. दोन स्पीड पॉइंट टाकून मधला उतार लांबवायचा आणि टोकाची हँडलं ओढून कोपरे गोल करायचे. मी उताराला १२ फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद दिले. झटका गेला, पण गिरकीची सुरुवातच दिसेना. चार-पाच क्लिप वाया गेल्यावर कागद घेऊन बसलो. वेग १०० वरून १२.५ वर येताना सरासरी ५६ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे ०.४ सेकंदाचा उतार खऱ्या उडीतला सुमारे ०.२२ सेकंद खाऊन टाकतो. उडीच ०.७ ची. पाय सुटल्यावर उतार सुरू केला, तर संथपणा येईपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा संपलेला असतो, आणि गुडघे ओढायची चूक नेमकी तिथेच होते.

तेव्हापासून उताराची सुरुवात पाय सुटायच्या ०.२२ सेकंद आधी, म्हणजे २४० च्या क्लिपमध्ये ५४ फ्रेम मागे ठेवतो. पोराचे गुडघे बोंडावर दबायला लागतात, त्याच वेळी वेग पडायला लागतो. डोळा ते दबणं बघत असतो, त्यामुळे वेग बदलल्याचं त्याला जाणवत नाही. परतीचा उतारही तेवढाच, आणि तो पाय गादीला लागतात तिथे संपवायचा. मधे उरतो ०.४८ सेकंद, तो पडद्यावर पावणेचार सेकंद दिसतो.

एक खोड मात्र बरीच वर्षं सुटली नव्हती. नेहमीच्या वेगातला भाग, पोरगं धावत येऊन मल्लखांबाला भिडतं तो, तुटक दिसायचा. उन्हात शटर १/५०० च्या पुढे जातं, प्रत्येक फ्रेम लख्ख कोरीव येते. त्यातली आठातली एकच दाखवली की मधला ओघ उरत नाही आणि पाय टुणटुण उड्या मारल्यासारखे दिसतात. आता तो धावण्याचा तुकडा मी वेगळा काढतो आणि आठ-आठ फ्रेम एकात मिसळतो :

```
ffmpeg -i dhav.mov -vf "tmix=frames=8,fps=30" -an dhav30.mp4
```

आठ कोरीव फ्रेमची सरासरी निघते आणि हातापायांना नेहमीच्या व्हिडिओसारखा अस्पष्टपणा येतो. जोड उतार सुरू व्हायच्या आधी द्यायचा, उतारावर नाही. नाहीतर पुसट चित्र एका फ्रेममध्ये एकदम लख्ख होतं.

२०२४ मध्ये आयफोन १६ प्रोने ४के मध्ये १२० फ्रेम दिल्या. चित्र सुरेख येतं, पण ३० च्या टाइमलाइनवर ते चारपटच संथ होतं. पोरांना चूक दाखवायला मी अजून १०८०पी आणि २४० वरच आहे.

हळहळ एकाच गोष्टीची आहे. २०१४ ते १६ मधल्या उड्या मी फोनमध्येच संथ करून सगळ्यांना पाठवल्या आणि जागा करायला मूळ फाइली पुसल्या. पाठवलेल्या क्लिपमध्ये वेगवान भागाच्या सेकंदाला तीसच फ्रेम उरल्यात. तिथे नवा उतार देता येत नाही. त्यातली काही पोरं आता शिकवायला उभी असतात आणि आपली पहिली उडी नीट करून मागतात. तेव्हा एडिट झालं तरी २४० ची मूळ फाइल पुसू नका, एखाद्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवा.